वॉर्डातले तास आणि कागदावरचे तास

नुकतीच बी.एस्सी. नर्सिंग उत्तीर्ण झालेली मुलगी परदेशातल्या रुग्णालयाला अर्जाचे पत्र लिहायला बसते, तेव्हा तिच्याकडे नोकरीच्या अनुभवाचा दाखला नसतो. तिच्याकडे असतात त्या चार वर्षांच्या पोस्टिंग, लॉगबुकातल्या सह्या आणि अर्धीमुर्धी पार पडलेली परवान्याची प्रक्रिया. या तीन गोष्टी एका पानात कशा मांडायच्या, हे या प्रकरणात पाहू. त्यासाठी एक उदाहरण घेऊ. मुलगी शीळफाट्याची, आणि रुग्णालय जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यातले.

हे राज्य निवडण्याला कारण आहे. त्याची राजधानी स्टुटगार्ट आणि मुंबई या १९६८पासून भगिनी-शहरे आहेत. फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र शासनाने याच राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला आणि त्यातल्या व्यवसायांत परिचारिकाही आहेत. दुसरे कारण नव्या परिचारिकेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. आखातातल्या नोकऱ्यांसाठी सहसा आधी कामाचा अनुभव मागतात. जर्मनीत मान्यतेसाठी अर्ज करायला पदवीनंतरच्या अनुभवाची अट नाही. तिथे तुमचे शिक्षण त्यांच्या शिक्षणाशी ताडून पाहतात. साहजिकच अनुभव नसलेल्या मुलीच्या पत्रात पोस्टिंगच्या तासांना सगळ्यात जास्त वजन येते.

पहिला मसुदा कुठे फसतो

आपल्याकडच्या मुलींचा पहिला मसुदा बहुधा एकाच वळणाचा असतो. ‘मी मेहनती व प्रामाणिक आहे. मी सर्व विभागांत काम केले आहे. मी नोंदणीकृत परिचारिका व नोंदणीकृत प्रसविका आहे. मला आयव्ही कॅन्युला लावता येते. आपल्या नामांकित रुग्णालयात सेवेची संधी मिळावी ही नम्र विनंती.’

यात खोटे काहीच नाही, पण वाचणाऱ्याला यातून काही कळतही नाही. जर्मन रुग्णालयात हे पत्र नर्सिंग विभागाच्या प्रमुखाकडे किंवा परदेशी भरती पाहणाऱ्या सहकाऱ्याकडे जाते. त्यांना दोन प्रश्नांची उत्तरे हवी असतात. ही मुलगी आमच्या वॉर्डात उभी राहिली तर पहिल्या महिन्यात काय करू शकेल? आणि तिला पूर्ण परवाना मिळेपर्यंत किती वेळ व किती प्रशिक्षण लागेल? ‘सर्व विभाग’ या शब्दांत यातले एकही उत्तर नाही.

प्रसविका म्हणून असलेली नोंदणी आपल्याकडे अभिमानाची गोष्ट आहे. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीत ती परिचारिकेच्या बरोबरीने येते. जर्मनीत मात्र बाळंतपण करणारी दाई हा स्वतंत्र व्यवसाय आहे. त्याचे शिक्षण वेगळे आणि परवानाही वेगळा. परिचारिकेच्या अर्जात हा मुद्दा पुढे आणला, तर दुसऱ्याच पदासाठी अर्ज आल्यासारखे वाटते.

कॅन्युलाचेही तसेच. शिरेत सुई घालणे हे तिथे परंपरेने डॉक्टरांचे काम समजले जाते, आणि परिचारिकेची पारख त्यावर होत नाही. ती होते अंघोळ घालणे, भरवणे, कूस बदलणे, तोंडाची स्वच्छता, रुग्णाला हाताला धरून चार पावले चालवणे या कामांवर. आपल्या सरकारी वॉर्डांत यातले बरेचसे नातेवाईक किंवा मावशी करतात. तिथे ते शिकलेल्या परिचारिकेचे काम आहे. इथल्या मुलींना तिथे गेल्यावर पहिला धक्का बसतो तो याच ठिकाणी. म्हणून हे काम आपण केले आहे आणि पुढेही करू, असे ज्या पत्रात स्पष्ट लिहिलेले असते, ते पत्र बाजूला काढून ठेवले जाते.

तासांचा ताळा

जर्मनीत २०२०पासून परिचारिकांचे शिक्षण एकत्रित झाले आहे. तीन वर्षांत निदान २,५०० तास प्रत्यक्ष कामाचे. त्यातले ४०० तास सुरुवातीच्या ओळखीचे. मग प्रत्येकी ४०० तास तीन ठिकाणी: रुग्णालयातली तातडीची शुश्रूषा, वृद्ध व दीर्घकाळ आजारी माणसांची निवासी शुश्रूषा, आणि रुग्णाच्या घरी जाऊन केलेली शुश्रूषा. बालरुग्ण आणि मनोरुग्ण यांच्या वाट्याला मोठ्यांत मोठा वाटा धरला तरी प्रत्येकी १२० तास येतात. उरलेल्यांतले बहुतेक तास आवडीच्या विभागात सखोल कामासाठी असतात.

आता भारतीय नर्सिंग परिषदेचा सेमिस्टरचा अभ्यासक्रम घेऊ. तो २०२१-२२च्या तुकडीपासून लागू आहे. प्रौढांच्या शुश्रूषेचे क्लिनिकल तास दोन सेमिस्टरमध्ये ४८० अधिक ४८०. शेवटच्या सेमिस्टरला २२ आठवड्यांची इंटर्नशिप, आठवड्याला ४८ तास. त्यातले सहा आठवडे प्रौढांच्या वॉर्डात म्हणजे आणखी २८८ तास. एकूण १,२४८. बालरुग्णांचे आणि मनोरुग्णांचे इंटर्नशिप धरून प्रत्येकी ४३२. एकूण बेरजेत आपली पदवी जर्मनीच्या २,५०० तासांच्या बरीच पुढे जाते.

मग अडते कुठे? बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये परदेशी परिचारिकांची कागदपत्रे स्टुटगार्टच्या प्रादेशिक प्रशासनात तपासली जातात. तिथले अधिकारी एकूण बेरजेवर थांबत नाहीत, प्रत्येक क्षेत्र स्वतंत्र पाहतात. आपल्या मुलीचे प्रसूती व स्त्रीरोगाचे तास इंटर्नशिपसकट ७५२ आहेत. तिकडच्या परिचारिकेच्या शिक्षणात त्यांना फारशी जागा नाही. उलट वृद्धांची निवासी शुश्रूषा आणि घरी जाऊन केलेली शुश्रूषा या दोन्ही क्षेत्रांचे तास आपल्या ट्रान्स्क्रिप्टवर त्या नावाने दिसतच नाहीत. एकीकडे भरपूर शिल्लक आणि दुसरीकडे तूट, असा हा हिशोब होतो.

तरीही ती तूट पूर्ण खरी नसते. वृद्धांची शुश्रूषा आपल्या अभ्यासक्रमात आहे, पण ती प्रौढांच्या शुश्रूषेच्या दुसऱ्या भागात सामावलेली आहे. घरभेटी कम्युनिटी पोस्टिंगमध्ये होतात. मुरबाड किंवा शहापूर तालुक्यात प्राथमिक आरोग्य केंद्रावर राहून विद्यार्थिनी पाड्यांवर जातात. बॅग कुठे ठेवायची, आधी हात कसे धुवायचे, कागद पसरून सामान कोणत्या क्रमाने काढायचे हे सगळे ‘बॅग टेक्निक’ म्हणून त्यांच्याकडून घोटून घेतलेले असते. मधुमेहाच्या आजोबांच्या पायाची जखम त्यांच्याच ओसरीवर बसून बांधली असेल, तर जर्मनीत ज्याला घरची शुश्रूषा म्हणतात त्याच्या ते सर्वांत जवळचे काम आहे. पत्रात नुसते ‘कम्युनिटी हेल्थ’ लिहिले, तर लसीकरण आणि आरोग्यशिक्षण एवढेच डोळ्यांसमोर येते. ‘घरी जाऊन केलेली शुश्रूषा’ असे लिहून खाली दोन ठोस कामे दिली, तर वाचणाऱ्याला तूट भरून येताना दिसते.

एक मर्यादा पाळायलाच हवी. पत्रातले तास आणि महाविद्यालयाने दिलेल्या ट्रान्स्क्रिप्टवरचे तास तंतोतंत जुळले पाहिजेत. वृद्धांच्या शुश्रूषेचा वेगळा आकडा ट्रान्स्क्रिप्टवर नसेल, तर आपल्या मनाने तो तयार करू नये. महाविद्यालयाकडे लेखी अर्ज करून विषयवार थिअरी, प्रयोगशाळा आणि क्लिनिकल असे तास वेगळे मागावेत. पोस्टिंग कोणत्या रुग्णालयात, कोणत्या विभागात झाली हेही त्यावर यावे, असे सांगावे. हा कागद हाती आल्याशिवाय पत्राचा मसुदा पक्का करू नये.

एक पोस्टिंग, चार ओळींत

विभागांची यादी देण्यापेक्षा एखाद-दुसरी पोस्टिंग जवळून दाखवणे चांगले. आपल्या मुलीने मेडिसिन वॉर्डात पक्षाघाताच्या एका आजींची काळजी घेतली होती, आणि त्यांचा केअर प्लॅन तिच्या फाइलमध्ये आहे. त्यात काय सापडते? अंथरुणावर पडून राहिल्यामुळे जखम होण्याची जोखीम तिने ब्रेडन मापनाने रोज तपासली. दर दोन तासांनी कूस बदलली आणि वेळ तक्त्यावर मांडली. माकडहाड व टाचांवरची त्वचा प्रत्येक वेळी पाहिली. भरवण्याआधी आजींना उठवून बसवले, कारण गिळताना ठसका लागत होता. पाळी बदलताना हे सगळे ‘ओव्हर’मध्ये पुढच्या सिस्टरना सांगितले.

हे चार ओळींत लिहिले की जर्मन वाचकाला आपली भाषा भेटते. त्यांच्या नर्सिंगमध्ये प्रतिबंधाला मोठे स्थान आहे. दाबामुळे होणारी जखम, पडणे, न्यूमोनिया, सांधे आखडणे यांपासून रुग्णाला वाचवण्याची एकेक ठरलेली पद्धत तिथे शिकवतात. रुग्णाला कोणती शुश्रूषा लागेल हे ठरवणे आणि तिचे नियोजन करणे ही कामे तिथल्या कायद्याने पात्र परिचारिकेसाठीच राखून ठेवली आहेत. केअर प्लॅन स्वतः लिहिलेली मुलगी या कामाची तयारी दाखवते.

मनोरुग्ण विभागातल्या पोस्टिंगसाठीही असाच एक प्रसंग निवडावा. ठाणे जिल्ह्यातल्या बऱ्याच विद्यार्थिनींना ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात काम करायला मिळते. तिथे रुग्णाशी बोलून मानसिक स्थितीची नोंद करणे, गोळी गिळली आहे का ते पाहणे, दंगा करणाऱ्या रुग्णापुढे आवाज न चढवता उभे राहणे ही कामे होतात. यातले जे तिने खरोखर केले, तेवढेच लिहावे. मुलाखतीत पहिला प्रश्न बहुतेक याच ओळीवर येतो.

परवान्याच्या पायऱ्या पत्रात कशा याव्यात

परवान्याबद्दल लिहिताना मुली दोन टोकांना जातात. कोणी ‘सर्व प्रक्रिया सुरू आहे’ असे मोघम लिहिते, कोणी भाषेची परीक्षा व्हायच्या आधीच ‘बी-२ स्तर’ लिहून मोकळी होते. बरोबर मार्ग साधा आहे. काय झाले, काय चालू आहे आणि काय रुग्णालयाच्या मदतीने व्हायचे आहे, असे तीन भाग करावेत.

झालेल्यांत येतात महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पदवी परीक्षा, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आणि भाषेची उत्तीर्ण झालेली शेवटची परीक्षा. पूर्ण परवान्यासाठी साधारणपणे बी-२ स्तराची जर्मन लागते. मान्यतेचे उरलेले टप्पे पूर्ण करायला जर्मनीत जाता येते, आणि त्यासाठी अनेक रुग्णालये बी-१ झालेली उमेदवारही घेतात. म्हणून बी-१ झाले असेल तर तसे लिहावे, आणि बी-२ कधी देणार ते महिन्यासह सांगावे.

उरलेल्यांत मुख्य टप्पा मान्यतेच्या अर्जाचा. कागद तपासून झाल्यावर अधिकारी तफावतीचा लेखी निर्णय देतात. कोणत्या क्षेत्रात किती कमी पडते ते त्यात लिहिलेले असते. ही तफावत दोन प्रकारे भरून निघते. एक, जर्मनीतल्या रुग्णालयात काम करत अनुकूलन प्रशिक्षण घ्यायचे आणि शेवटी त्या कामाबद्दल संभाषणाच्या स्वरूपाची तपासणी द्यायची. दुसरा, तोंडी आणि प्रत्यक्ष अशी ज्ञानपरीक्षा द्यायची. कोणता मार्ग घ्यायचा हे उमेदवार ठरवते. या काळात ती सहायक म्हणून काम करते, आणि परवाना मिळेपर्यंत पात्र परिचारिकेचे पदनाम तिला लावता येत नाही. हे आपल्याला माहीत आहे आणि मान्य आहे, एवढे एक वाक्य पत्रात असले की पुढचे बरेच गैरसमज टळतात.

आणखी एक वाक्य फार उपयोगी पडते. कुशल कामगारांसाठी जर्मनीत एक जलद प्रक्रिया आहे. ती नोकरी देणारी संस्था उमेदवाराकडून मुखत्यारपत्र घेऊन तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात सुरू करते. त्याची फी ४११ युरो आहे. त्यात मान्यतेचा निर्णय सगळे कागद पूर्ण मिळाल्यापासून दोन महिन्यांत अपेक्षित असतो, आणि व्हिसाची मुलाखतही लवकर मिळते. ‘कागद तयार आहेत, मुखत्यारपत्र देण्याची तयारी आहे’ असे उमेदवाराने स्वतः लिहिले, तर रुग्णालयाचे निम्मे पत्रव्यवहाराचे काम वाचते.

पत्र

हे पत्र प्रत्यक्षात जर्मनमध्ये, ए-४च्या एका पानावर जाते. इथे वाचकांसाठी ते मराठीत दिले आहे.

*विषय: परिचारिका पदासाठी अर्ज, मान्यता प्रक्रियेसह*

*आदरणीय महोदया, महोदय,*

*आपल्या मेडिसिन विभागातील जागेसाठी मी अर्ज करीत आहे. मी या वर्षी महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग पदवी मिळवली असून महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे माझी नोंदणी झाली आहे. मी ठाणे जिल्ह्यातील शीळफाटा येथे राहते.*

*माझ्या शिक्षणात प्रौढ व वृद्ध रुग्णांच्या शुश्रूषेचे १,२४८ क्लिनिकल तास झाले. पक्षाघाताच्या रुग्णांची अंघोळ, कूस बदलणे, भरवणे आणि दाबजखमांचा प्रतिबंध ही कामे मी स्वतः केली व त्यांचे केअर प्लॅन लिहिले. मनोरुग्णांच्या शुश्रूषेचे ४३२ आणि बालरुग्णांचे ४३२ तास झाले. सामुदायिक आरोग्याच्या ५१२ तासांत मी ग्रामीण भागात घरी जाऊन मधुमेहाच्या रुग्णांची जखम बांधली आणि त्यांच्या नातेवाइकांना पायांची काळजी शिकवली. वृद्धांच्या निवासी संस्थेत मी काम केलेले नाही, ते मला आपल्याकडे शिकायचे आहे.*

*जर्मन बी-१ परीक्षा मी मुंबईच्या माक्स म्युलर भवनात उत्तीर्ण झाले असून बी-२ येत्या मार्चमध्ये देणार आहे. पदवी, नोंदणी आणि तासांसह ट्रान्स्क्रिप्ट यांची अधिकृत जर्मन भाषांतरे तयार आहेत. जलद प्रक्रियेसाठी मी मुखत्यारपत्र देऊ शकते. तफावत निघाल्यास मी अनुकूलन प्रशिक्षण घेईन, आणि परवाना मिळेपर्यंत सहायक म्हणून काम करण्यास तयार आहे.*

*व्हिडिओ मुलाखतीसाठी मी आपल्या सोयीच्या वेळी उपलब्ध आहे.*

*आपली विश्वासू,*

या पत्रात ‘मेहनती’ हा शब्द कुठेच नाही. सर्वांत मोलाचे वाक्य मात्र निवासी संस्थेत काम न केल्याचे आहे. तूट उमेदवाराने स्वतः सांगितली की रुग्णालयाला प्रशिक्षण कुठे द्यायचे ते आधीच कळते. अधिकाऱ्यांच्या निर्णयातही बहुधा हीच तूट निघणार असते.

भाषेबद्दलही एक पथ्य आहे. बी-१ झालेल्या मुलीने कोणाकडून तरी अलंकारिक जर्मन लिहून घेतले, तर व्हिडिओ मुलाखतीच्या पहिल्या पाच मिनिटांत ते उघडे पडते. शुद्धलेखन दुसऱ्याकडून तपासून घ्यावे, पण वाक्ये आपल्याला बोलता येतील तेवढीच असावीत.

कागद कुठे अडतात

पत्र चांगले असूनही अर्ज अडतो, आणि त्याचे मोठे कारण आपली नावे लिहिण्याची रीत हे असते. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे, आणि बऱ्याचदा आईचे नाव वेगळ्या रकान्यात असते. पासपोर्टवर स्वतःचे व वडिलांचे नाव एकत्र आणि आडनाव वेगळे असते. कौन्सिलच्या नोंदणीत आणखी तिसरा क्रम असू शकतो, आणि मधल्या काळात लग्न होऊन नाव बदलले असेल तर चौथा. जर्मन अधिकाऱ्याला ही वेगवेगळी माणसे वाटू शकतात. म्हणून पत्रावर पासपोर्टप्रमाणेच नाव लिहावे. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचाही फरक असेल, तर भाषांतरे करण्यापूर्वीच विद्यापीठातून किंवा कौन्सिलमधून तो दुरुस्त करून घ्यावा. भाषांतर झाल्यावर चूक सापडली तर सगळा खर्च पुन्हा होतो.

दुसरी अडचण एजंटांची. लाखांत रक्कम मागून ‘परवाना मिळवून देतो’ म्हणणाऱ्याच्या हातात परवाना नसतो, तो स्टुटगार्टच्या कार्यालयात असतो. जर्मन सरकारचे न्याय्य भरतीसाठी एक अधिकृत गुणचिन्ह आहे. ते मिळवणाऱ्या रुग्णालयाने किंवा भरतीसंस्थेने भरतीचा खर्च उमेदवाराकडून घ्यायचा नसतो. संस्थेकडे हे चिन्ह आहे का, हे पत्र पाठवण्यापूर्वी पाहावे.

आणि बी-२ची तयारी चालू असताना हाती असलेला वेळ? जर्मन कायद्यात अभ्यासक्रमातली तूट कामाच्या अनुभवाने भरून काढण्याची सोय आहे. डोंबिवली-कल्याण परिसरातल्या एखाद्या वृद्धाश्रमात किंवा घरी परिचारिका पाठवणाऱ्या संस्थेत नोंदणीकृत परिचारिका म्हणून सहा-आठ महिने काम केले, तर तेच अनुभव-प्रमाणपत्र अधिकाऱ्यांपुढे ठेवता येते. प्रमाणपत्रावर ‘समाधानकारक काम केले’ एवढेच नको. किती तारखेपासून किती तारखेपर्यंत, आठवड्याला किती तास, कोणत्या वयाच्या रुग्णांची कोणती शुश्रूषा, हे सगळे लिहून घ्यावे. मग पत्रातले ‘काम केलेले नाही’ हे वाक्य बदलून तिथे त्या महिन्यांचे तास येतात, आणि तफावतीच्या निर्णयात शिकायचे उरलेले तास तेवढे कमी होऊ शकतात.